जाहिरात बंद ठेवलेल्या शहरांतून खरी विक्री कशी मोजावी

ऑनलाइन जाहिरातीच्या डॅशबोर्डवर '१ रुपयाला ६ रुपये विक्री' असं दिसतं, तेव्हा त्यात असे ग्राहकही धरलेले असतात जे जाहिरात नसती तरी आलेच असते. एखादी बाई दुकानाचं नाव टाइप करून शोधते, वर आलेल्या जाहिरातीवर बोट ठेवते आणि साडी घेते. त्या विक्रीचं सगळं श्रेय जाहिरातीला मिळतं. जाहिरातीमुळे वाढलेली विक्री किती, हे काही भागांत जाहिरात बंद करूनच कळतं. ईबेने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ३० टक्के विभागांत गूगलवरच्या जाहिराती दोन महिने थांबवल्या, तरी विक्रीत जेमतेम फरक पडला. नेहमीचे ग्राहक तसेही येत होते. जाहिरातीचा उपयोग दिसला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर.

१. शहरांचे दोन गट पाडा: बंद गटात जाहिरात थांबवायची, चालू गटात ती तशीच ठेवायची. समजा, महाराष्ट्रात ऑनलाइन साड्या विकणारं दुकान आहे. मुंबई आणि पुण्याला तोलामोलाची जोडी मिळत नाही, म्हणून ती चाचणीबाहेर ठेवा. उरलेल्या शहरांतली ज्यांची विक्री आठवड्यागणिक साधारण सारखी वरखाली होते त्यांच्या जोड्या लावा. जोडीतलं कोणतं शहर बंद गटात जाईल ते चिठ्ठी टाकून ठरवा, मर्जीने नको. कोल्हापूर आणि सांगलीसारखी जवळची शहरं मात्र एकच शहर समजून एकाच गटात ठेवा.

पिनकोडइतके छोटे भाग निवडू नका. मोबाइल इंटरनेटवरून ठिकाण ओळखताना अनेकदा भलताच भाग धरला जातो आणि बंद गटातल्या लोकांनाही जाहिरात दिसत राहते. विक्री मोजताना डिलिव्हरीचा पत्ता धरा, कारण तो ग्राहकाने स्वतः भरलेला असतो.

२. आधी जुन्या आकड्यांवर तालीम करा. गेल्या वर्षातले जाहिरात चालू असतानाचे चार-चार आठवडे घ्या आणि दोन गटांच्या विक्रीचं गुणोत्तर किती हलतं ते पाहा. काहीही न बदलता ते साधारण २ टक्के हलत असेल, तर ५ टक्क्यांची घट ओळखता येईल. ६ टक्के हलत असेल तर चाचणी सुरूच करू नका. शहरं वाढवा किंवा मुदत वाढवा. ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग नुसत्या चढउतारालाच निकाल समजून बसतात.

३. जाहिरात नीट बंद करा. एका वेळी एकच माध्यम तपासा. गूगल ॲड्समध्ये बंद गटातली शहरं वगळा आणि ठिकाणाच्या सेटिंगमध्ये 'Presence' हा पर्याय निवडा. नाहीतर दुसऱ्या ठिकाणाहून चालू शहरांबद्दल शोधणाऱ्यांनाही जाहिरात दिसू शकते. बजेटही त्याच प्रमाणात कमी करा. तसं केलं नाही तर वाचलेला पैसा चालू शहरांवर ओतला जातो, तिथली विक्री वाढते आणि तुलनाच बिघडते.

चार आठवडे चालू द्या. महाग वस्तू विचार करून घेतली जाते, तेव्हा आणखी एक-दोन आठवडे मोजत राहा. या काळात एकाच गटाला सवलत देऊ नका आणि दिवाळीचे आठवडे टाळा.

४. हिशेब करा. समजा, चाचणीआधीच्या चार आठवड्यांत बंद गटाची विक्री २० लाख होती आणि चालू गटाची २५ लाख, म्हणजे गुणोत्तर ०.८. चाचणीच्या काळात लग्नसराईमुळे चालू गट ३० लाखांवर गेला. म्हणजे बंद गटाकडून २४ लाख अपेक्षित होते, पण विक्री झाली २२ लाख ८० हजार. घट १ लाख २० हजारांची. तिथे जाहिरातीचे ६० हजार वाचले. म्हणजे १ रुपयाला खरी विक्री २ रुपये, डॅशबोर्डच्या ६ रुपयांच्या एक-तृतीयांश.

याला तालमीतला २ टक्क्यांचा चढउतार लावा. २४ लाखांचे २ टक्के म्हणजे ४८ हजार, म्हणून घट ७२ हजार ते १ लाख ६८ हजारांच्या दरम्यान कुठेही असू शकते. रुपयामागे विक्री मग १.२ ते २.८ रुपये. साडीवर ४० टक्के नफा सुटत असेल, तर जाहिरातीचा खर्च भरून निघायला रुपयामागे २.५ रुपये विक्री लागते. हा आकडा त्या पट्ट्यातच बसतो. त्यामुळे जाहिरात तोट्यात आहे असं ठाम म्हणता येत नाही. ६ हा आकडा चुकीचा आहे, एवढं मात्र नक्की.

अशा वेळी जाहिरात सगळीकडे बंद करण्याची घाई नको. गटांची अदलाबदल करून पुन्हा चार आठवडे मोजा. दुसऱ्यांदाही २ च्या आसपासच उत्तर आलं, तर आधी दुकानाच्या नावावरच्या जाहिराती थांबवा आणि नव्या ग्राहकांसाठीच्या जाहिराती वेगळ्या चाचणीत तपासा.

हा निकाल त्या हंगामापुरता आणि तेवढ्या खर्चापुरता आहे. खर्च दुप्पट केल्यास हाच दर मिळेल असं धरू नका. मुंबई-पुणे चाचणीत नव्हते, तेव्हा तिथलं बजेट या आकड्यावरून ठरवू नका.