मे महिन्यातलं लग्न, सरळ केस आणि सीरम: आदल्या दिवसापासूनची तयारी

मे संपत आला की गोव्याच्या हवेत इतका दमटपणा असतो की सकाळी इस्त्री करून गुळगुळीत केलेले केस फोंड्याच्या एखाद्या देवळाच्या सभागृहात पोचेपर्यंत पिंजारायला लागतात. केस हवेतलं पाणी शोषतो आणि फुगतो, मग इस्त्रीने बसवलेला आकार सुटतो. माझ्याकडे येणाऱ्या करवल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: खोबरेल लावू, की सीरम? माझ्या मते दोन्ही लागतात, पण त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत.

खोबरेल तेल न्हाण्याच्या आधी लावायचं. ते केसाच्या आत शिरतं, त्यामुळे धुताना केस कमी फुगतो आणि वरचे खवले कमी उचलले जातात. बाजारातल्या पुष्कळ केशतेलांत मिनरल ऑइल असतं, ते आत शिरत नाही. आदल्या रात्री खांद्याखालपर्यंतच्या केसांना एक चहाचा चमचा तेल पुरतं. ते कानाखालच्या भागाला लावा, टाळूला नको. सरळ केसांत टाळूचं स्वतःचं तेल भराभर खाली उतरतं, त्यात आणखी भर घातली की मुळाशी केस चपटे बसतात. सकाळी शाम्पू करून केस टॉवेलने घासू नका, जुन्या सुती कापडात दाबून पाणी टिपा. धुतल्यावर मात्र पुन्हा तेल नको. सरळ केसांवर ते लगेच दिसतं, बटा चिकटून दोरीसारख्या लोंबतात आणि इस्त्रीखाली तेल तापतं ते वेगळंच.

आता सीरम. घेण्याआधी बाटली उलटी करून मागची यादी वाचा. पुढे आर्गन किंवा बदामाचं चित्र असलं तरी पहिली दोन-तीन नावं बहुतेकदा सायक्लोपेंटासिलॉक्सेन, डायमेथिकोन, डायमेथिकोनॉल अशी निघतात. म्हणजे ते मुळात सिलिकोनच, तेल नावापुरतं. त्यात वाईट काही नाही. सायक्लोपेंटासिलॉक्सेन उडून जातं आणि मागे डायमेथिकोनचा पातळ थर राहतो. त्याने केसांचं एकमेकांवरचं घर्षण कमी होतं, बट सपाट बसते आणि इस्त्रीची धग थोडी सौम्य पोचते. हवेतला ओलावा मात्र तो पूर्ण अडवत नाही, त्यामुळे उघड्या मांडवात दुपारपर्यंत केस जसेच्या तसे राहतील अशी अपेक्षा ठेवू नका.

समजा, करवलीचे केस बारीक, सरळ आणि खांद्याखाली चार बोटं आहेत. पुढचे केस सपाट आणि मागे अंबाडा, त्यावर आबोलीचा वळेसर, असं ठरलंय. ओलसर केसांत सीरमचे दोन थेंब तळव्यावर पसरून टोकांपासून वर कानापर्यंत लावा आणि ड्रायर वरून खाली फिरवा. केस पूर्ण कोरडे झाल्याशिवाय इस्त्री नको. चुर्र आवाज आला किंवा वाफ दिसली तर आत पाणी आहे, लगेच थांबा. बारीक केसांना दीडशे अंशांच्या आसपास पुरतं, प्रत्येक बटेवरून एकदा, फार तर दोनदा. मागे जिथे पिना खोचायच्या आहेत तो भाग सीरमशिवाय ठेवा. तिथे बोटं सहज घसरत असतील तर पिनाही घसरणार आणि वळेसराच्या वजनाने अंबाडा सैल होणार. ही गोष्ट मी प्रत्येकीला सांगते, कारण सीरम जास्त झालं की आरशात तेव्हा काहीच कळत नाही, ते कळतं जेवणाच्या पंगतीत.

भांगाजवळ उभे राहणारे आखूड केस वेगळे ओळखा. एक केस चिमटीत धरून पाहा: तो बाकीच्या लांबीपेक्षा खूपच आखूड असेल तर तो तुटलेला किंवा नवा उगवलेला आहे. त्यावर सीरम ओतून तो बसत नाही. जुन्या, स्वच्छ टूथब्रशला किंचित जेल लावून त्या केसांवरून अलगद फिरवा, तेवढ्याने ते बसतात.

रोज सीरम लावणाऱ्यांनी लग्नाच्या आठवड्यात एकदा खोल स्वच्छ करणारा शाम्पू करून घ्यावा. सिलिकोनचे थर साचले की केस धुऊनही जड, निस्तेज लागतात आणि नवं सीरम त्यावर नीट बसत नाही. धुतल्यावरही बोटांना गुळगुळीत मेण लागल्यासारखं वाटलं तर थर उरलाय असं समजा. हा शाम्पू आदल्या दिवशी नको, कारण तो केस कोरडे करतो.

बरोबर नेण्याच्या पिशवीत सीरमची छोटी बाटली, मोठ्या दातांचा कंगवा आणि चार जास्तीच्या पिना टाका. दुपारी केस फुगले तर अर्धा थेंब तळव्यांवर चोळून फक्त वरून हात फिरवा. आधी घाम रुमालाने टिपून घ्या, घामावर सीरम लावलं की बट ओली दिसते.