फॉर्म १६ आणि २६एएस जुळले, तरी टीडीएस गेला कुठे?

ओळखीतल्या एकाने आर्थिक वर्ष २०२४-२५ चे हिशेब समोर ठेवले. पगारपत्रकांप्रमाणे कापलेला कर ५२,९०० रुपये आणि आपल्या पॅनवर जमा कराचा सरकारी उतारा असतो त्या २६एएसमध्ये ४६,२०० रुपये. म्हणजे ६,७०० रुपये कमी.

मी आधी बेरीजच पाहिली. त्यांनी पगारपत्रकातल्या I.Tax बरोबर P.Tax सुद्धा धरला होता. P.Tax म्हणजे व्यवसाय कर, तो राज्याचा, तो २६एएसमध्ये येतच नाही. महाराष्ट्रात तो बहुतेकांचा दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असतो, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये. फरकात नेमका हा आकडा दडलेला दिसला की चूक आपल्या बेरजेत आहे असं समजा.

उरले ४,२०० रुपये. त्यांचा महिन्याचा टीडीएस तेवढाच, म्हणजे एक आख्खा महिना गायब. हे वर्षाच्या बेरजेवरून सापडत नाही. आयकर पोर्टलवर View Form 26AS मधून ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावर जाऊन Assessment Year 2025-26, म्हणजे कमाईच्या पुढचं वर्ष, निवडायचं. इथे 2024-25 निवडून घाबरलेले लोकही मी पाहिलेत. कंपनीच्या नावाशेजारच्या + वर टिचकी मारली की एकेका नोंदीची ओळ उघडते. त्या पगारपत्रकांशी महिन्यागणिक लावून पाहिल्या, तर नोव्हेंबरची ओळ नव्हती. ओळ असली तरी तिची स्थितीही बघा. F म्हणजे पक्की, U म्हणजे कंपनीच्या विवरणपत्राशी चलन जुळलेलं नाही.

"पण फॉर्म १६ मध्येही ४६,२००च आहेत," ते म्हणाले. इथेच बरेचजण फसतात. फॉर्म १६ चा भाग अ ट्रेसेसवरूनच उतरवला जातो आणि २६एएसही कंपनीच्या त्याच तिमाही विवरणपत्रातून, २४क्यू मधून, भरतो. दोन्ही जुळले यात काय नवल? चूकही दोन्हीकडे सारखीच येणार. वेगळा पुरावा म्हणजे पगारपत्रक आणि बँकेत जमा झालेला निव्वळ पगार.

मेमध्ये जुळवायला बसू नका. जानेवारी ते मार्चचं विवरणपत्र भरायची मुदतच ३१ मे असते, त्यामुळे शेवटची तिमाही तोवर रिकामी दिसू शकते.

त्यांच्या बाबतीत नोव्हेंबरच्या ओळीत आडनावबंधू सहकाऱ्याचा पॅन पडला होता. सहकाऱ्याच्या २६एएसमध्ये नोव्हेंबर दोनदा दिसत होता! तो फुकटचा टीडीएस त्याने दाखवला असता, तर पुढे त्याच्याही गळ्यात वसुली आली असती. उपाय कंपनीच्याच हातात होता: तिसऱ्या तिमाहीचं दुरुस्ती विवरणपत्र. लेखा विभागाला ईमेलमध्ये महिना, रक्कम, दोन्ही पॅन आणि पगारपत्रक पाठवलं. दुरुस्ती चढल्यावर नवा फॉर्म १६ मागून घेतला आणि मगच रिटर्न भरलं.

कंपनी दाद देत नसेल तर? रिटर्नमध्ये कापलेला पूर्ण टीडीएस दाखवता येतो, पण प्रक्रिया करताना आयकर खातं २६एएसएवढंच श्रेय देतं आणि बाकीची मागणी काढतं. आयकर कायदा १९६१ च्या कलम २०५ प्रमाणे पगारातून कापलेला कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. त्या मागणीला उत्तर देताना नोव्हेंबरचं पगारपत्रक आणि बँकेचा उतारा जोडा.