पहिला लॅपटॉप: विंडोज, मॅक की लिनक्स?

ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात शिरलात की काउंटरवरचा मुलगा आधी बजेट विचारतो. तुम्ही बजेटच्या आधी एक कागद घ्या आणि ज्यांच्यावाचून अडेल ती सॉफ्टवेअरं त्यावर लिहा. यादीत टॅली किंवा सॉलिडवर्क्स असेल, तर विंडोज घ्या, विषय संपला. आयफोनची ॲप्स बनवायची असतील तर एक्सकोड लागतं, आणि ते फक्त मॅकवर चालतं. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, रेव्हिट मिळत नाही, त्यामुळे आर्किटेक्चरच्या मुलांनी मॅक घेताना दहादा विचार करावा. "मॅक घे, नंतर त्यावर विंडोज टाकू" हा सल्ला जुना झाला. ॲपलच्या स्वतःच्या एम प्रोसेसरवर बूट कॅम्प ही मॅकवर विंडोज टाकायची सोय नाही, आणि रॅमही नंतर वाढवता येत नाही.

यादीत नुसता ब्राउझर, ऑफिसची कामं आणि प्रोग्रॅमिंग असेल, तर लिनक्सचा विचार जरूर करा. पण थेट लिनक्सवर उडी मारू नका. विंडोजचा लॅपटॉप घ्या, त्यावर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा, मग ठरवा. माझी फजिती याच टप्प्यावर झाली, म्हणून इथे जरा थांबतो.

भाच्याचा नवा लॅपटॉप होता. दुकानातल्या मुलाने "सगळं सेट करून देतो" म्हणत दुकानाच्याच ईमेलवर मायक्रोसॉफ्ट खातं उघडून दिलं. आम्हीही आभार मानून घरी आलो. दोन महिन्यांनी भाचा म्हणाला, "मामा, लिनक्समधलं ते उबंटू बघू या का?" नेटवर वाचलं होतं म्हणून मी बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मुळातल्या सेटिंगमध्ये जाऊन Secure Boot बंद केलं. लॅपटॉप सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणारा तो पहारेकरी. उबंटू पाहून झालं, परत विंडोज सुरू करायला गेलो तर निळा पडदा, त्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागणारा चौकोन.

कारण साधं आहे. विंडोज ११ च्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिला कुलूप लागतं, आणि तिची की त्या पहिल्या खात्यात जाऊन बसते. Secure Boot बदललं की लॅपटॉपला संशय येतो आणि तो की मागतो. तेव्हा मी Secure Boot परत चालू केलं असतं, तर बहुधा सगळं जागेवर आलं असतं. मी मात्र घाबरून बायॉसमधून टीपीएम, म्हणजे त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप, क्लिअर केली. आता कीशिवाय मार्ग उरला नाही. दुकानात फोन केला, तर तो मुलगा काम सोडून गेलेला, आणि त्या ईमेलचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. भाच्याच्या असाइनमेंट्स गेल्या, विंडोज कोरं टाकावं लागलं.

म्हणून दुकानात खोकं उघडून पडदा, कीबोर्ड, चार्जर बघा, पण पहिलं लॉगिन घरी, स्वतःच्या ईमेलने. मग Settings मध्ये Privacy & security खाली Device encryption चालू आहे का ते पाहा. तिथे ते दिसलं नाही, तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून हे टाका:

```
manage-bde -status
```

Protection On दिसलं तर aka.ms/myrecoverykey वर तुमच्याच खात्याने जा आणि की कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपमध्ये फाइल करून ठेवू नका, कुलूप लागलं की ती फाइलही आतच.

आता लिनक्स. उबंटूची आयएसओ फाइल उतरवा, रुफस या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. लॅपटॉप चालू करताना बूट मेनूची कळ दाबा: डेल, लेनोवोवर बहुधा F12, एचपीवर F9. Secure Boot ला हात लावू नका, उबंटू ते चालू असतानाही सुरू होतं. पहिल्यांदा Secure Boot बंद करा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पुढे Try Ubuntu निवडा, Install नाही. पेनड्राइव्हवरून चालताना ते सुस्त वाटणारच, त्यावरून मत बनवू नका.

बघायचं ते हार्डवेअर. घरचं वायफाय जोडलं जातं का, कॅमेरा आणि आवाज चालतो का. झाकण मिटून चहा पिऊन या, उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का ते पाहा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त इथेच अडतं. फिंगरप्रिंट चालला नाही तर त्यावाचून भागवून घ्या, पण वायफाय दिसलं नाही तर त्या लॅपटॉपवर विंडोजच राहू दे.

सगळं जमलं आणि उबंटू कायमचं टाकायचं ठरलं, तर आधी डेटा बाहेर काढा. विंडोजही सोबत ठेवायचं असेल, तर Device encryption बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत चार्जर काढू नका. भाच्याने दुसऱ्या वेळी आधी की उतरवली, मग हेच केलं. त्याची की आता त्याच्या आईच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.