लांबलचक मेसेज फोनवर वाचण्याजोगा करताना या चुका टाळा

जुळे सोलापूरकडच्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर येतो तसला हा नमुना बघा:

«सोसायटीच्या सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की पावसाळ्यापूर्वी नेहमीप्रमाणे टाक्या साफ करण्याचे काम रविवार दि. १४ जून रोजी सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत करण्यात येणार असून त्यादरम्यान ए व बी विंगचा पाणीपुरवठा बंद राहील, सी विंगची वरची टाकी वेगळी असल्याने तेथे पाणी चालू राहील परंतु जपून वापरावे, सोमवारी पहाटे नळाच्या पाण्याची पाळी असल्याने रविवार निवडला असून पाळी बदलल्यास काम पुढे ढकलण्यात येईल व तसे शनिवारी सायंकाळपर्यंत कळविले जाईल, ३ नंतर टँकरचे पाणी सोडण्यात येईल ते पिण्यासाठी वापरू नये, खर्च प्रति फ्लॅट १५० रु. मंगळवारपर्यंत वॉचमनकडे जमा करून पावती घ्यावी, बी विंगच्या पार्किंगमधील टाकीच्या झाकणावर गाड्या लावू नयेत.»

माहिती सगळी आहे, पण सगळी एकाच वाक्यात. कागदावर चालून जातं, कारण नोटीस बोर्डासमोर माणूस थांबून वाचतो. फोनवर ओळी अरुंद असतात आणि बऱ्याच ज्येष्ठांनी अक्षरांचा आकार मोठा करून ठेवलेला असतो. मग हाच मजकूर पडदाभर पसरतो आणि «आणखी वाचा»च्या खाली गडप होतो. टँकरचं पाणी पिऊ नका, हे तर बरंच खाली. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे टँकरचं पाणी कुणी तरी माठात भरणारच.

असा मेसेज सुटसुटीत करायला बसलं की बहुतेक जण पुढच्याच चुका करतात.

एंटर मारले, क्रम तोच ठेवला

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. जुना मजकूर घ्यायचा आणि प्रत्येक स्वल्पविरामापाशी ओळ तोडायची. मेसेज उभा होतो, वाचायला सोपा होत नाही, कारण पहिली ओळ अजूनही «सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की» हीच असते. फोन खिशातून काढल्यावर सूचनेच्या पट्टीत सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. ती जागा अशी मायन्यात घालवली तर मेसेज उघडायचं कारणच कुणाला दिसत नाही.

म्हणून ओळी तोडायच्या आधी मजकुरावर तीन प्रश्न लावा. कुणाला काय करायचंय? कधीपर्यंत? न केलं तर काय अडेल? या उत्तरांतली सर्वांत तातडीची ओळ वर घ्या. वरच्या नमुन्यात ती अशी होते: «रविवारी १४ जूनला सकाळी ९ ते दुपारी ३ पाणी बंद (ए, बी विंग)». वार, तारीख, वेळ, कोण, सगळं एका ओळीत. आदर दाखवायचा असेल तर शेवटी «आपले, कमिटी सदस्य» पुरे.

क्रम लावताना आणखी एक गोष्ट उघडी पडते. «मंगळवारपर्यंत» म्हणजे कोणता मंगळवार, ९ जून की १६ जून? दाट मजकुरात हे कुणाच्या लक्षात येत नाही, सुटी ओळ केली की लगेच डोळ्यात खुपतं. अशा ठिकाणी अंदाजाने तारीख भरू नका, ज्याने मूळ मेसेज लिहिला त्यालाच विचारा.

सगळंच बुलेटमध्ये घातलं

बुलेट एकाच जातीच्या गोष्टींना शोभतात: करायची कामं, आणायच्या वस्तू, लागणारी कागदपत्रं. कारण, अट आणि अपवाद त्यात कोंबले की वाक्यांना बांधणारे «म्हणून», «पण», «तर» गळून पडतात. कुणीतरी हा मेसेज असा करतो:

```
- सोमवारी पाण्याची पाळी
- काम पुढे ढकलणार
- शनिवारी कळवणार
- सी विंग पाणी चालू
- टँकरचे पाणी
```

पहिल्या तीन ओळी वाचून काम पुढे गेलंच, असा अर्थ निघतो. मूळ मजकुरात «पाळी बदलल्यास» होतं, तो एक शब्द गेला आणि अर्थ फिरला. सी विंगला «जपून वापरा» उरलंच नाही. टँकरची ओळ तर घातकच आहे, कारण «पिऊ नका» हे सांगायलाच ती होती. बुलेट करताना शब्द गाळले जातात, आणि आधी गळतात ते छोटे शब्द. त्यामुळे काम झाल्यावर मूळ मजकुरातले «तर», «परंतु», «फक्त», «नये», «ल्यास» शोधून काढा आणि नव्या मजकुरात प्रत्येकाचा अर्थ सापडतो का, ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण तेच वगळलं जातं.

अट असलेली गोष्ट पूर्ण वाक्यात, स्वतंत्र छोट्या परिच्छेदात ठेवावी. परिच्छेद दोन वाक्यांचा, फार तर तीन. बुलेट एका यादीत पाचापलीकडे गेल्या तर बहुधा दोन याद्या एकत्र झालेल्या असतात, त्या वेगळ्या करा.

आता तोच मेसेज, टाइप करायचा तसा:

```
*रविवारी १४ जूनला सकाळी ९ ते दुपारी ३ पाणी बंद (ए, बी विंग)*
टाक्या साफ करायच्या आहेत.

*शनिवारी रात्रीच करा:*
- सोमवार सकाळपर्यंत पुरेल इतकं पिण्याचं पाणी भरा
- बी विंग पार्किंगमधल्या टाकीच्या झाकणावरून गाड्या काढा

रविवारी ३ नंतर टँकरचं पाणी सोडू. *ते पिऊ नका*, फक्त वापरायला आहे.

सी विंग: पाणी चालू राहील, पण जपून वापरा.

खर्च: फ्लॅटमागे १५० रुपये, मंगळवार १६ जूनपर्यंत वॉचमनकडे. पावती घ्या.

सोमवारची पाण्याची पाळी बदलली, तरच काम पुढे ढकलू. तसं असेल तर शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत कळवू.
```

इथे बुलेट दोनच आहेत आणि दोन्ही «करा» या जातीच्या आहेत. बाकीच्या गोष्टी रिकाम्या ओळीने सुट्या केल्यात. फोनवर ही रिकामी ओळ बुलेटपेक्षा जास्त कामाची ठरते, कारण बोटाने वर सरकवताना डोळा थांबतो तो तिथे. «पिण्याचं पाणी भरा» हे मूळ मेसेजमध्ये स्पष्ट नव्हतं, ते टँकरच्या अटीतून निघालं. असं काही वाढवलं तर पाठवण्याआधी कमिटीला दाखवून घ्यावं. «शनिवारी सायंकाळपर्यंत»चं «६ पर्यंत» केलंय, त्यालाही हेच लागू. मंगळवारची «१६ जून» ही तारीखसुद्धा मूळ मेसेज लिहिणाऱ्याला विचारूनच घालायची.

तारे आणि डॅश चुकीच्या जागी पडले

व्हॉट्सअ‍ॅपवर ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना `*` लागतो आणि तो अक्षराला चिकटलेला हवा. `* पाणी बंद *` असं जागा सोडून लिहिलं तर ठळक होत नाही, वर सुरुवातीच्या ताऱ्यापुढे जागा पडल्याने त्याची बुलेट होण्याची शक्यता असते. बुलेटचं उलटं आहे. `-` नंतर एक जागा हवीच. `-पाणी भरा` लिहिलं तर नुसता डॅश दिसतो. तारा बुलेटलाही चालतो आणि ठळकालाही, म्हणून गोंधळ नको असेल तर यादीला कायम डॅशच वापरा.

मराठीत एक खास अडचण येते. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. `*१४ जून*ला` असं टाइप केलं की शेवटच्या ताऱ्याला लगेच अक्षर लागतं आणि बऱ्याचदा तारे तसेच उघडे दिसतात. प्रत्यय ताऱ्याच्या आत घ्या: `*१४ जूनला*`. दोन ओळींवर एकच ठळक पसरवायलाही जाऊ नका. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे बंद करा.

आणि ठळक किती? एका मेसेजमध्ये दोन-तीन जागा. जोडाक्षरं आणि मात्रा ठळकात दाटतात. सबंध परिच्छेद ठळक केला तर तो जड दिसतो आणि त्यातलं खरं महत्त्वाचं काही वेगळं कळत नाही.

एसएमएसमध्ये यातलं काहीच चालत नाही, तारे तसेच दिसतात. शिवाय देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हंच बसतात, काना-मात्राही त्यातच मोजली जाते. तिथे फक्त पहिली ओळ पाठवा.

स्पेसबार मारून रकाने जुळवले

ए विंग, बी विंग, सी विंग असे तीन उभे रकाने स्पेस देऊन बसवायचा मोह होतो. लिहिणाऱ्याच्या फोनवर ते जुळतात, शेजारच्याच्या फोनवर विस्कटतात. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यात प्रत्येकाचा अक्षर-आकार वेगळा. तीन उलट्या टिकल्यांत मजकूर ठेवून सारख्या रुंदीचं अक्षर मिळवण्याची युक्ती इंग्रजी आकड्यांना बरी, मराठीला नाही. तक्ता मोडून ओळी करा: «सी विंग: पाणी चालू राहील, पण जपून वापरा.» विंग आधी, मग तिची माहिती. रकाने जास्तच असतील तर तक्त्याचा फोटो जोडा, पण मुख्य ओळ मजकुरातच राहू द्या.

बुलेटच्या जागी इमोजी लावणाऱ्यांसाठी: फोन ज्यांना वाचून दाखवतो, त्यांच्या कानावर प्रत्येक ओळीआधी त्या चित्राचं नाव पडतं.

चिकटवलेला मजकूर तुटला, किंवा अर्धाच गेला

पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात कागदाच्या ओळीप्रमाणे मध्येच एंटर येतात. फोनवर मग एक लांब ओळ, एक तुकडा, पुन्हा लांब ओळ असं दिसतं. आधी ते सगळे एंटर काढून मजकूर सलग करा, मगच तोडायला घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेली नोटीस असेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी चिकटते. तिथे दुरुस्ती करत बसण्यापेक्षा युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा, छोटा मजकूर असेल तर सरळ पुन्हा टाइप करा.

अर्धा मेसेज निसटला, तर दोष बहुतेक वेळा एंटरचा असतो. संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेबमध्ये एंटरने मेसेज जातो, नवी ओळ हवी तर `Shift + Enter`. फोनवर तसं होत असेल तर चॅटच्या सेटिंगमध्ये `Enter is send` चालू असतं, ते बंद करा.

ग्रुपवर टाकण्याआधी मेसेज स्वतःच्याच नंबरवर पाठवा. अँड्रॉइड फोन असेल तर चॅटच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार `Large` करा आणि बघा: काही न दाबता पहिल्या पडद्यावर वार, वेळ आणि करायचं काम दिसतं का? नसेल दिसत तर क्रम बदला, अक्षरं नाही. ग्रुपवर गेल्यावर चूक सापडली तर १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येते. पण दुरुस्तीची नवी घंटी वाजत नाही, आणि तोवर कुणी मेसेज दुसऱ्या ग्रुपवर पुढे पाठवला असेल तर तिथली प्रत जुनीच राहते. वेळ किंवा तारीख चुकली असेल, तर जुना मेसेज दुरुस्त तर कराच, पण खाली एका ओळीचा नवा मेसेजही टाका: «दुरुस्ती: पाणी रविवारी बंद, शनिवारी नाही.»