मोठ्या फोनवर एका अंगठ्याने टायपिंग

साधारण ६.७ इंचांचा फोन उजव्या हातात धरला की डाव्या कडेच्या q आणि a या अक्षरांपर्यंत अंगठा ताणावा लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी फोनवरची पकड सैल होते. जीबोर्ड वापरत असाल तर कीबोर्डच्या वरच्या पट्टीतील चार चौकोनांच्या चिन्हावर टॅप करून ‘One-handed’ निवडावे. कीबोर्ड अरुंद होऊन एका कडेला सरकतो आणि रिकाम्या जागेतील बाणाने त्याची बाजू बदलता येते. त्याच मेनूतील ‘Resize’ने कडा ओढून उंची ठरवता येते. कीबोर्ड तळापासून थोडा वर उचलून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण अगदी खालच्या स्पेसबारसाठी अंगठा आत दुमडावा लागतो.

मात्र देवनागरी मांडणीत एका ओळीत कळा जास्त असल्याने रुंदी घटताच त्या फार बारीक होतात. शेजारचेच अक्षर वारंवार उमटू लागले, तर रुंदी थोडी वाढवावी किंवा रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी ‘abc → मराठी’ ही मांडणी घ्यावी.