डबा-सुट्टीचं अ‍ॅप: आधी कागदावर

आमच्या मेससाठी ‘उद्या डबा नको’ कळवणारं साधं अ‍ॅप करायचं होतं. डिझाइन टूल न उघडता आधी फ्लो काढला: प्रत्येक स्क्रीन म्हणजे चौकट, प्रत्येक निर्णय म्हणजे शंकरपाळी, आणि बाणावर लिहायचं की माणूस काय दाबतो. मग तपासणी. शंकरपाळीतून ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन्ही बाण निघायलाच हवेत. ‘रात्री ९ च्या आत कळवलं का?’ यातला ‘नाही’ कुठेच जात नव्हता. तिथे नवी चौकट आली: ‘उद्याचा डबा येईलच, परवापासून सुट्टी लावू का?’

त्यानंतर वायरफ्रेम, म्हणजे प्रत्येक स्क्रीनचा कच्चा आराखडा. ए-फोर कागद तीनदा निम्मा दुमडला की आठ उभे भाग पडतात, रुंदीला जवळपास फोनच्या स्क्रीनएवढे, उंचीला कमी. पेन्सिल नको, जाड स्केचपेन घ्या; बारीक नक्षी काढताच येत नाही, त्यामुळे फक्त बटण आणि मजकुराची जागा ठरते.

भाग कापून मेसच्या काकूंसमोर ठेवले. त्या बोटाने दाबत होत्या, मी पुढचा कागद सरकवत होतो. ‘उद्या नको’ दाबताना त्या थांबल्या: “अरे, फक्त रात्रीचा नको असेल तर?” तिथेच त्या बटणाची दोन झाली, दुपार आणि रात्र.

कीबोर्ड उघडल्यावर खालचं बटण झाकलं जातं, लांब नावं दोन ओळींत जातात, हे मात्र कागद दाखवत नाही. ते फोनवरच पाहावं लागतं.