माणसाला कामावरून काढण्याआधीचे सहा आठवडे आणि नंतरचे काही

मॅनेजर होऊन पाच महिने झाले होते. ज्याला काढायचं होतं, तो त्याआधी तीन वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. आम्ही एकमेकांना ‘अरे-अगं’ म्हणायचो आणि जुन्या बॉसवर एकत्र वैतागायचो. त्यामुळे त्याचं काम खालावल्याचं मला सगळ्यांच्या आधी दिसलं, आणि मी त्याबद्दल बोलले मात्र सगळ्यांच्या नंतर.

त्याच्याकडे दर आठवड्याला ग्राहकाला पाठवायचा हिशेबाचा रिपोर्ट होता. पाच महिन्यांत गेलेल्या वीस रिपोर्टांपैकी आठ उशिरा गेले आणि पाचांत बेरजा चुकल्या. हे आकडे मी बसून काढले तेव्हा मलाच धक्का बसला, कारण तोवर माझ्या डोक्यात फक्त ‘हल्ली जरा ढिला पडलाय’ एवढंच होतं. नव्या मॅनेजरने पहिल्यांदा हेच करावं. आपलं मत बाजूला ठेवून नोंदी मोजाव्यात. कधीकधी मोजल्यावर कळतं की माणूस ठीक आहे आणि आपणच एका चुकीवर राग धरून बसलोय.

आकडे घेऊन मी एचआरकडे गेले. तिथल्या बाईंनी ते शांतपणे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “त्याची नोकरी धोक्यात आहे हे त्याला स्पष्ट शब्दांत कधी सांगितलंत?” मी माझे जुने मेल उघडले. “पुढच्या वेळी बघ जरा.” “बाकी छान, फक्त बेरीज तपास.” एका ठिकाणी तर चुकलेल्या रिपोर्टखाली मीच लिहिलं होतं, “ठीक आहे, होतं असं.” तो मेल वाचताना पोटात गोळा आला. माझ्या लेखी त्या सूचना होत्या. त्याच्या लेखी ते शेजारणीचं नेहमीचं बोलणं होतं.

काढायचा निर्णय तिथेच थांबला आणि सहा आठवड्यांची लेखी सुधारणा योजना ठरली. कंपन्यांत तिला पीआयपी म्हणतात. पहिला मसुदा मी लिहिला, त्यात ‘कामाचा दर्जा सुधारावा’ असं वाक्य होतं. बाईंनी ते खोडलं. दर्जा सुधारला की नाही हे दोघांना वेगवेगळं वाटू शकतं, म्हणून तिसऱ्या माणसालाही तपासता येईल असंच लिहायचं. शेवटी ठरलं ते असं: रिपोर्ट गुरुवारी दुपारी चारपर्यंत, पाठवण्याआधी बेरीज मूळ नोंदींशी जुळवलेली, आणि सहापैकी किमान पाच आठवडे हे दोन्ही बिनचूक. हे जमलं नाही तर नोकरी संपेल, हेही त्याच कागदावर. ते वाक्य त्याच्यासमोर मोठ्याने वाचणं माझ्या अगदी जिवावर आलं होतं. त्याने विचारलं, “म्हणजे हे खरंच एवढं गंभीर आहे?” त्या प्रश्नाचं ओझं आजही सगळ्यात जड आहे.

योजना सुरू करण्याआधी मी त्याला विचारलं की अडतंय कुठे. माहिती उशिरा येते का, काम जास्त झालंय का, हे काम शिकवलंच गेलं नाही का, की दुसरं एखादं काम जास्त जमेल? एक अडचण खरी निघाली. एका विभागाकडून आकडे बुधवारी रात्री यायचे. ते मंगळवारी मिळतील अशी व्यवस्था केली. दुसरं काम मात्र टीममध्ये रिकामं नव्हतं, आणि तसं खोटं आश्वासनही मी दिलं नाही.

दर शुक्रवारी आम्ही वीस मिनिटं बसायचो आणि त्यानंतर मी दोन ओळींचा मेल पाठवायचे: या आठवड्यात काय जमलं, काय नाही. पहिला आठवडा चांगला गेला. दुसऱ्या आठवड्यात मी एक चूक केली, जी बहुतेक दयाळू मॅनेजर करत असावेत. गुरुवारी साडेतीनला मला त्याच्या रिपोर्टमध्ये चूक दिसली आणि मी ती गुपचूप दुरुस्त केली. कागदावर आठवडा बिनचूक, प्रत्यक्षात नाही. शुक्रवारी मला ते त्याला सांगावं लागलं, आणि तो आठवडा मोजायचा कसा यावरून आमचं वाजलं. शेवटी तो त्याच्या बाजूने मोजला, कारण घोळ माझा होता. तिसरा रिपोर्ट उशिरा गेला, चौथ्यातला चुकलेला आकडा ग्राहकानेच दाखवून दिला. निकाल तिथेच लागला होता, तरी सहा आठवडे दिले होते म्हणून सहा पूर्ण केले. पाचवा बरा गेला, सहावा पुन्हा उशिरा.

शेवटची भेट मंगळवारी सकाळी अकराला ठेवली. आठवड्याच्या अखेरीस संध्याकाळी सांगितलं की माणूस दोन दिवस प्रश्न घेऊन एकटा बसतो आणि उत्तर द्यायला ऑफिसात कुणी नसतं. शेवटचा दिवस, नोटीसचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, अनुभवाचं पत्र, लॅपटॉप कधी परत करायचा, हे सगळं लेखी तयार होतं. पहिलं वाक्य मी कागदावर लिहून नेलं होतं: “आपण ठरवलेली सुधारणा झाली नाही, म्हणून तुझी नोकरी आज संपवण्याचा निर्णय झाला आहे.” हवापाण्याच्या गप्पा आधी मारल्या तर समोरच्याला वाटतं, अजून काही वाचवता येईल.

तरी दोन गोष्टी बिघडल्या. त्याचं लॉगिन अकराला बंद करायचं ठरलं होतं, आणि आधीच्या मीटिंगमुळे मला दहा मिनिटं उशीर झाला. तो स्वतःच माझ्या टेबलापाशी आला, “अगं, माझं लॉगिन चालत नाहीये.” पुढे काय होणार हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. लॉगिन बंद करायची सूचना खोलीतून, बातमी सांगितल्यावर द्यावी. घड्याळावर सोडू नये. दुसरी गोष्ट माझ्या तोंडून गेली: “मला रात्रभर झोप नाही लागली.” झालं, नोकरी गेलेला माणूस मलाच धीर देऊ लागला. एचआरच्या बाईंनी हळूच विषय कागदांकडे वळवला. “अजून एक महिना दिला तर?” असं त्याने विचारलं तेव्हा मी नवी कारणं दिली नाहीत. निर्णय झाला आहे, एवढंच म्हणाले. भेट बारा मिनिटांत संपली.

टीमला मी तीनच वाक्यं सांगितली: तो आता आपल्या टीममध्ये नाही, त्याचं काम कोणाकडे जाईल, आणि कारणांवर मी बोलणार नाही. दोघांनी वेगवेगळं येऊन आपली नोकरी सुरक्षित आहे का ते विचारलं. त्याच्या चुका निस्तरणारी सहकारी मात्र म्हणाली, “उशीरच केलास.”

पुढचे काही आठवडे अपराधीपणा सगळीकडून यायचा. रिकामी खुर्ची पाहिली तरी यायचा. शेवटी मी त्याचे दोन भाग केले. सहा आठवडे स्पष्ट सांगूनही काम झालं नाही, हा भाग त्याचा. त्याआधीचे पाच महिने ‘ठीक आहे’ म्हणत राहिले आणि त्या दिवशीचं लॉगिन, हे माझं. पहिल्या भागाची टोचणी हळूहळू ओसरली. दुसऱ्याची ओसरली नाही, आणि ती ओसरावी असं मला वाटतही नाही.

एका रात्री मी त्याला लांबलचक माफीचा मेसेज लिहिला. पुन्हा वाचला तर त्यात प्रत्येक ओळ माझ्याबद्दल होती, म्हणून पुसून टाकला. महिन्याभराने दुसरा पाठवला: ग्राहकांना तो पत्रं फार नेमकी लिहायचा, त्याबद्दल नव्या नोकरीच्या ठिकाणी कुणाला माझ्याशी बोलायचं असेल तर माझा नंबर दे. त्याने दोन दिवसांनी उत्तर दिलं, “देईन.” नंतर एक फोन आलासुद्धा. पत्रांबद्दल मी मनापासून सांगितलं. रिपोर्टबद्दल त्यांनी विचारलं, तेव्हा तेही खरं सांगितलं.